धागा: आइसबर्ग, ट्रेलिंग, ब्रॅकेट – साध्या लिमिटपेक्षा वेगळं नक्की काय घडतं?

रामबागी (धागाकर्ता)
मंडळी, कट्ट्यावर शेअरचे धागे पुष्कळ झाले, पण 'काय घ्यावं' यावरच. माझा प्रश्न 'कसं घ्यावं' याचा आहे.

एक मध्यम आकाराच्या कंपनीचा शेअर आहे, भाव 412 च्या आसपास. मला 5,000 घ्यायचे आहेत. रोजची उलाढाल बेताची, त्यामुळे पडद्यावर एकदम 5,000 ची बोली दिसली तर विकणारे हात आखडते घेतील असं वाटतं. ॲपमध्ये साध्या लिमिटच्या शेजारी आइसबर्ग, ट्रेलिंग स्टॉप आणि ब्रॅकेट असे पर्याय आहेत. मदतीच्या पानावर प्रत्येकाची दोन-दोन ओळींत व्याख्या आहे, ती वाचली. ऑर्डर टाकल्यानंतर रांगेत काय होतं, ते कुणी सांगेल का? तिन्ही प्रकार शेवटी लिमिट ऑर्डरच ना?

तिखट_शेव
शेवटी सगळे पोहेच, पण जिरावण कुठे पडतं यावर चव ठरते.

सियागंजवाले काका
आइसबर्ग नवीन नाही रे. छावणी मंडीत जुने व्यापारी हेच करतात. दोन पोत्यांचा ढीग पुढे मांडायचा, बाकीचा माल ट्रॉलीतच. ढीग संपला की पुढचा काढायचा. समोरच्याला वाटतं माल थोडाच आहे. सोयाबीनच्या वायद्यात हे चालतं का तेवढं सांगा.

अर्धा_लॉट
काका, सोयाबीनचे वायदे सेबीने डिसेंबर 2021 मध्येच थांबवले, ते राहू द्या.

@रामबागी, सोपं आहे. आइसबर्ग म्हणजे तीच लिमिट, फक्त थोडी लपवलेली. रांगेतला नंबर तोच राहतो. ट्रेलिंग म्हणजे खाली लावलेली विक्रीची लिमिट, जी भावाबरोबर वर सरकते. ब्रॅकेट म्हणजे दोन जीटीटी, भाव पोचला की ब्रोकर पाठवतो तशा ऑर्डर, एकत्र. झालं.

वृषाली_नारायणबाग
@अर्धा_लॉट, तिन्ही वाक्यं अर्धीअर्धी बरोबर आहेत आणि पैसे उरलेल्या अर्ध्यातच जातात. एकेक घेते. आधी आइसबर्ग, कारण धाग्याचा प्रश्न खरेदीचा आहे.

एक्स्चेंजवर रांग लागते ती आधी भावाने, मग वेळेने. समजा 412.00 ला आधीच 1,200 शेअरची बोली आहे. तुम्ही 5,000 ची साधी लिमिट त्याच भावाला लावली. आता 1,200 विकले गेले की पुढचे 5,000 तुमचे. नंतर कितीही जण 412.00 ला आले तरी ते तुमच्या मागे.

आता तीच ऑर्डर 500 दाखवून लावा. पहिले 500 त्या 1,200 च्या मागे उभे राहतात, तिथवर फरक नाही. ते 500 मिळाले की पुढचे 500 बाहेर येतात, पण नव्या वेळेचा शिक्का घेऊन. मधल्या वेळात 412.00 ला आणखी 800 ची बोली आली असेल तर हे दुसरे 500 त्या 800 च्या मागे. तिसऱ्या खेपेला पुन्हा तेच. दर खेपेला असे 800 नवे पुढे लागत गेले, तर साध्या लिमिटला जिथे या भावाला 6,200 शेअरचे सौदे पुरले असते, तिथे तुमचे 5,000 पुरे व्हायला 13,400 चे सौदे व्हावे लागतील. बेताच्या उलाढालीच्या शेअरमध्ये म्हणजे आजचं काम उद्यावर. लपण्याची किंमत रांगेत चुकवावी लागते.

रामबागी
हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. म्हणजे काकांच्या उदाहरणात ट्रॉलीतला माल ढिगामागे नाही, तर दर वेळी रांगेच्या शेपटाला?

सियागंजवाले काका
मग ती मंडी नाही, रेशनचं दुकान झालं.

डेप्थवाला
वृषालीताईंनी सांगितलं ते एक्स्चेंजच्या 'डिस्क्लोज्ड क्वांटिटी'बद्दल. पण ॲपमध्ये ज्या बटणावर आइसबर्ग लिहिलेलं असतं ती बहुतेक वेळा वेगळी चीज असते, आणि हा फरक रांगेच्या फरकाहून मोठा आहे.

डिस्क्लोज्ड क्वांटिटीत पूर्ण 5,000 ची ऑर्डर एक्स्चेंजच्या संगणकात गेलेली असते, फक्त इतरांना 500 दिसतात. एनएसईच्या रोखीत ऑर्डरच्या निदान 10 टक्के दाखवावे लागतात, त्यामुळे 5,000 ला 500 च्या खाली जाता येत नाही. ब्रोकरच्या आइसबर्गमध्ये मात्र ब्रोकरचा सर्व्हर तुमची ऑर्डर तुकड्यांत फोडतो आणि एक तुकडा पूर्ण झाला की दुसरा पाठवतो. उरलेल्या 4,500 ची एक्स्चेंजला खबरही नसते.

फरक दिसतो तो मोठा विकणारा आला की. समजा कुणीतरी एकदम 10,000 विकायला काढले, 411.00 पर्यंत मिळेल त्या भावाला. 412.00 ला पुढचे 1,200, तुमचे दिसणारे 500 आणि तुमच्यामागचे 300, एवढी बोली दिसतेय.

डिस्क्लोज्डमध्ये हे 2,000 संपले की एक्स्चेंज खालच्या भावाला जाण्याआधी तुमचे लपलेले 4,500 देऊन टाकतो, कारण भाव वेळेच्या आधी बघितला जातो. तुमची पूर्ण ऑर्डर 412.00 ला भरली. ब्रोकरच्या तुकड्यांत 2,000 नंतर 412.00 ला कुणीच नाही, म्हणून उरलेले 8,000 सरळ 411.95, 411.90 करत खाली उतरतात. तुमचा दुसरा तुकडा निघेपर्यंत तो विकणारा संपलेलाही असेल.

तिखट_शेव
पण भिया, भाव खाली गेला तर घेणाऱ्याचा फायदाच ना? पुढचा तुकडा स्वस्तात मिळेल.

डेप्थवाला
मिळू शकतो. त्या विकणाऱ्याचे काही उरले असतील आणि 411.00 ला विक्रीत उभे असतील, तर तुमची 412.00 ची बोली जाऊन 411.00 लाच भरेल. लिमिट म्हणजे 'या भावाला किंवा याहून चांगल्या भावाला'. पण भाव टप्पा घेऊन 412.40 ला परत गेला असेल, तर तुम्हाला मिळाले 500 आणि तो 10,000 चा माल खालचे लोक घेऊन गेले. बेताच्या उलाढालीत असा विकणारा दिवसातून एकदाच येतो.

वृषाली_नारायणबाग
इथे माझं थोडं वेगळं मत आहे. पडता भाव एका झटक्यात 5,000 भरून गेला, म्हणजे समोरच्याला काही माहीत होतं अशीही शक्यता असते. तुकड्यांत निदान थांबून विचार करता येतो. पूर्ण भरणं हे नेहमीच भाग्य नसतं.

डेप्थवाला
मान्य, पण तो शेअर घ्यावा की नाही याचा प्रश्न झाला. घ्यायचे ठरवून उतरलेल्याला माल सुटणं महागच पडतं.

मिलिंद_सुदामानगर
आपल्याकडे कुठला प्रकार चालतो हे कसं ओळखायचं?

डेप्थवाला
ऑर्डर बुक उघडा. एकच ओळ, एकच एक्स्चेंज ऑर्डर क्रमांक आणि पेंडिंग 5,000 दिसत असेल तर डिस्क्लोज्ड. 1/10, 2/10 अशा ओळी एकामागून एक उगवत असतील तर ब्रोकरचे तुकडे.

तुकड्यांचे आणखी दोन काटे आहेत. ब्रोकरेज प्रत्येक तुकड्याला वेगळं लागतं. इंट्राडेला ऑर्डरमागे 20 रुपये असतील तर दहा तुकड्यांचे 200 आणि त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 236. एका ऑर्डरला हेच 23.60. डिलिव्हरीला ब्रोकरेज शून्य असेल तर हा प्रश्नच नाही. दुसरा काटा असा की एखाद्या तुकड्यातले 120 शेअर अडकून राहिले आणि भाव वर निघून गेला, तर पुढचे सगळे तुकडे त्या 120 च्या पाठीमागे बसून राहतात. पडद्यावर ऑर्डर 'चालू' दिसते, प्रत्यक्षात काहीच चालू नसतं.

राजवाडा_रात्रपाळी
आणि लपणं तरी कितपत खरं? 412.00 ला 500 संपले की पुन्हा बरोब्बर 500, पुन्हा 500. डेप्थ, म्हणजे प्रत्येक भावाच्या बोल्यांची यादी, बघत बसणाऱ्याला तिसऱ्या खेपेला कळतं की मागे ट्रॉली उभी आहे.

सियागंजवाले काका
बघा, मंडीवरच आलं शेवटी.

अर्धा_लॉट
ठीक आहे, आइसबर्गमध्ये चुकलो. पण ट्रेलिंगमध्ये काय चुकलं? 412 ला घेतला, 406 ला विक्रीची लिमिट लावली, भाव वर गेला की ती वर सरकते.

वृषाली_नारायणबाग
भाव 412 असताना 406 ला विक्रीची साधी लिमिट लावून बघा. थांबणार नाही, त्याच क्षणी 412 च्या आसपास विकली जाईल. वर डेप्थवाला म्हणाले तेच, 'या भावाला किंवा याहून चांगल्या'. विकणाऱ्याला 406 पेक्षा 412 चांगलाच. नवीन माणसाची ही सगळ्यात कॉमन चूक आहे. स्टॉपलॉस म्हणून लिमिट टाकतात आणि शेअर हातातून गेल्यावर 'ॲप बिघडलं' म्हणतात.

स्टॉप ऑर्डरला ट्रिगर असतो. शेवटचा सौदा ट्रिगरला पोचेपर्यंत ती मुख्य रांगेत नसतेच, एक्स्चेंजवर वेगळ्या कप्प्यात पडून असते आणि डेप्थमध्ये कुणाला दिसत नाही. ट्रिगर लागला की ती उठून रांगेत येते, तेव्हाची वेळ घेऊन. सकाळी 9:15 ला लावली म्हणून पुढचा नंबर मिळत नाही.

मिलिंद_सुदामानगर
आणि ट्रेलिंग कोण करतं? एक्स्चेंज?

वृषाली_नारायणबाग
नाही. एनएसईला फक्त ट्रिगर असलेली ऑर्डर कळते. ट्रिगर वर सरकवण्याचं काम ब्रोकरचं सॉफ्टवेअर करतं, दर वेळी 'मॉडिफाय'चा संदेश पाठवून.

आकडे घेऊन बघू. 412 ला खरेदी, ट्रिगर 406, त्याखाली विक्रीची लिमिट 405.50, टप्पा 2 रुपयांचा. भाव 414 झाला की ट्रिगर 408. 416 ला 410. 417.90 पर्यंत गेला तरी 410 च, कारण टप्पा पुरा झालेला नाही. 418 ला सौदा झाला की ट्रिगर 412, लिमिट 411.50. इथून भाव उतरला तर ट्रिगर खाली येत नाही.

आता बिघडतं कुठे? भाव हळूहळू 412.00 ला आला तर ठीक, ऑर्डर उठते आणि 411.50 च्या वर जो घेणारा असेल त्याला जाते. पण 412.10 नंतरचा पुढचाच सौदा 411.20 ला झाला आणि घेणारे सगळे त्याखाली असतील, तर तुमची ऑर्डर जागी होते आणि 411.50 ला विक्रीत नुसती उभी राहते. आता ती साधी लिमिट आहे. भाव 405 ला गेला तरी ती तिथेच. ट्रेलिंग संपलेलं, स्टॉप संपलेला, आणि माणूस समजतो की आपण सुरक्षित आहोत.

ओळखायची खूण एकच: ऑर्डर बुकात 'ट्रिगर पेंडिंग'च्या जागी 'ओपन' दिसलं आणि शेअर अजून तुमच्याकडेच असेल, तर तुमचा स्टॉप हुकलेला आहे. हाताने लिमिट खाली घ्यावी लागते.

अर्धा_लॉट
मग लिमिट कशाला? मार्केटवाला स्टॉप लावा, मिळेल त्या भावाला सुटेल.

राजवाडा_रात्रपाळी
'मिळेल त्या भावाला' हे तीन शब्द शांतपणे वाचा. पातळ डेप्थमध्ये मिळणारा भाव भलताच असू शकतो. ऑप्शनमध्ये असले भलते सौदे झाल्यावर एनएसईने सप्टेंबर 2021 मध्ये तिथला हा मार्केटवाला स्टॉप, एसएल-एम, बंदच केला. आणि खालचं सर्किट लागलं असेल तर घेणाराच नसतो, तिथे मार्केट आणि लिमिट दोन्ही सारखेच निरुपयोगी.

मधला मार्ग म्हणजे ट्रिगर आणि लिमिट यांत अंतर जास्त ठेवणं. 50 पैशांऐवजी 3 रुपये. लिमिट 409 ठेवली म्हणून 409 लाच विकलं जाईल असं नाही, तेव्हा जो वरचा घेणारा असेल त्यालाच आधी जातं.

वृषाली_नारायणबाग
+1. फक्त 3 रुपये हा आकडा कुणी पाठ करू नका. डेप्थमध्ये आपल्या क्वांटिटीएवढे घेणारे किती खालपर्यंत पसरलेत ते बघायचं आणि त्याच्याही थोडं खाली लिमिट ठेवायची.

भाव आणि ट्रिगर यांतल्या अंतराचंही तसंच. घेणाऱ्या-विकणाऱ्यात 60 पैशांचं अंतर असलेल्या शेअरला ट्रिगर भावाच्या 50 पैसेच खाली ठेवला, तर भाव मुळात न हलता नुसते सौदे इकडे-तिकडे झाले तरी ट्रिगर लागतो.

मिलिंद_सुदामानगर
मोबाइलचं नेट गेलं तर?

डेप्थवाला
ट्रेलिंग कुठे चालतंय त्यावर आहे. ब्रोकरच्या सर्व्हरवर असेल तर तुमच्या नेटशी संबंध नाही. तुमच्याच संगणकावरच्या प्रोग्रामवर असेल तर शेवटचा सरकवलेला ट्रिगर एक्स्चेंजवर राहतो, पुढे सरकत नाही. तिसरा प्रकार सगळ्यात वाईट: ट्रिगरसुद्धा ब्रोकरकडेच, एक्स्चेंजवर काहीच नाही. तिथे ब्रोकरची यंत्रणा अडखळली की स्टॉप नावाची वस्तूच उरत नाही. एका शेअरवर लावून बघा. एक्स्चेंज ऑर्डर क्रमांक आणि 'ट्रिगर पेंडिंग' दिसलं तर ऑर्डर तिकडे पोचली आहे.

सियागंजवाले काका
माझ्या भाच्याच्या खात्यात ब्रॅकेटचं बटणच नाही. त्याला फसवतायत का?

राजवाडा_रात्रपाळी
नाही काका. ब्रॅकेटचं खरं आकर्षण कमी पैशांत मोठा सौदा करता येणं हे होतं. डिसेंबर 2020 पासून सेबीचे पीक मार्जिनचे नियम टप्प्याटप्प्याने आले, सप्टेंबर 2021 ला पूर्ण लागू झाले, आणि ती सवलत गेली. मग पुष्कळ ब्रोकरांनी ब्रॅकेट काढूनच टाकलं.

अर्धा_लॉट
म्हणूनच म्हटलं, दोन जीटीटी लावा. तेच ते.

डेप्थवाला
तेच ते नाही. जीटीटी ब्रोकरकडे महिनोन्‌महिने पडून राहते आणि भाव पोचल्यावर ऑर्डर पाठवते. ब्रॅकेट त्याच दिवसाचं. आधी खरेदीची लिमिट जाते, ती भरली की त्याच क्षणी दोन ऑर्डर एक्स्चेंजवर जातात: वर टार्गेटची साधी लिमिट, खाली ट्रिगरवाला स्टॉप. एक भरली की दुसरी ब्रोकर रद्द करतो. 'ब्रोकर रद्द करतो' हे लक्षात ठेवा, एक्स्चेंजला या दोन ऑर्डर नात्यातल्या आहेत हे ठाऊक नसतं.

समजा खरेदी 5,000 ची लावली आणि 3,000 च भरले. 3,000 चं टार्गेट 418 ला आणि 3,000 चा स्टॉप 408 ला लागला. हातात 3,000, विक्रीत 6,000. टार्गेटला 1,000 गेले की स्टॉप 2,000 वर आणायचा संदेश जायला हवा. शांत बाजारात तो वेळेत जातो. वरून एकदम धडाड खाली आलेल्या बाजारात संदेश पोचण्याआधीच स्टॉप लागला तर 3,000 पुन्हा विकले जातात. हातात होते 2,000, म्हणजे 1,000 ची उलटी पोझिशन. पोझिशनच्या पानावर वजा आकडा दिसला की हेच झालंय, आणि तो बाजार बंद व्हायच्या आत परत घ्यावा लागतो, नाहीतर डिलिव्हरी देता न आल्याने लिलाव.

तिखट_शेव
म्हणजे दोन्हीकडे लग्न ठरवून ठेवायचं आणि एकीकडे नकार वेळेत पोचला नाही तर...

वृषाली_नारायणबाग
:) अगदी तसंच. आणखी एक तक्रार नेहमी येते: 'भाव 418 ला जाऊन आला, माझं टार्गेट भरलं नाही'. टार्गेट ही साधी लिमिट, तिलाही रांग आहे. 418 ला तुमच्यापुढे 4,000 विक्रीला असतील आणि सौदे 2,500 चेच झाले असतील, तर पडद्यावर उच्चांक 418 दिसतो आणि तुमचा नंबर येत नाही. टार्गेट 417.90 ला ठेवलं तर हे पुष्कळदा टळतं. 418 सारख्या गोल आकड्यावर गर्दी असते.

रामबागी
सगळ्यांचे आभार. माझ्या कामाला ब्रॅकेट बाद, कारण मला डिलिव्हरीत ठेवायचे आहेत. ट्रेलिंग खरेदी झाल्यावर बघेन. उरला आइसबर्ग. माझ्या ॲपमध्ये दोन्ही सापडले: लिमिटच्या खाली 'अधिक पर्याय' उघडलं की डिस्क्लोज्डचा रकाना आहे आणि आइसबर्गचं बटण वेगळं. मी 5,000 ची एकच लिमिट, 500 दाखवून, 412.00 ला लावायचं म्हणतोय.

डेप्थवाला
चालेल. दोन सूचना. 500 ऐवजी 700 असा आडवा आकडा दाखवा, कमी खेपांत काम होईल. आणि मध्येच भाव 412.05 करून परत 412.00 करू नका, दर बदलाला रांगेतली जागा जाते. क्वांटिटी वाढवली तरी जाते, कमी केली तर राहते.

वृषाली_नारायणबाग
मी असते तर लपवलंच नसतं. 1,500, 1,500 आणि 2,000 अशा तीन साध्या लिमिट तीन वेगळ्या भावांना: 412.00, 411.50, 411.00. प्रत्येकीला तिच्या भावाच्या रांगेत आत्तापासूनचा नंबर, आणि पडद्यावर एका जागी 5,000 दिसतही नाहीत.

डेप्थवाला
आणि भाव 411.80 वरून उलटला तर हातात फक्त 1,500.

वृषाली_नारायणबाग
हो. आणि तुमच्यात 412.00 वरूनच उलटला तर कदाचित 700.

अर्धा_लॉट
मी दोघांच्या मध्ये पडत नाही. आज दोनदा चुकलोय.

रामबागी
सोमवारी 9:15 च्या गोंधळात नको, दहानंतर लावतो. निम्मे वृषालीताईंच्या पद्धतीने आणि निम्मे डिस्क्लोज्ड करून. 2,500 ला निदान 250 दाखवावे लागतील, बरोबर ना?

डेप्थवाला
बरोबर. पण 400 दाखवा. आणि दोन्ही ऑर्डर 412.00 ला असतील तर आधी कुठली लावता ते लिहून ठेवा, नाहीतर स्वतःच स्वतःच्या मागे उभे राहाल.